गुजराती घरात आशीर्वाद मागायला जाताना: आठ वाक्यं आणि सारखेच दिसणारे फसवे शब्द

नौपाड्यात किंवा कोपरीत वाढलेल्या मराठी मुलाला गुजराती ऐकून बरंच कळतं. वाण्याचं दुकान, शाळेतला बाकमित्र, सोसायटीतली नवरात्र यांतून ती भाषा कानावर पडलेली असते. त्यामुळे जोडीदाराच्या वडिलांशी लग्नाचं बोलायची वेळ आली की वाटतं, गुजरातीत चार वाक्यं सहज जमतील. घोळ तिथेच होतो. कन्नड किंवा मल्याळम बोलायचं असतं तर माणूस प्रत्येक शब्द तपासून घेतो. गुजरातीत मात्र आपलेच शब्द ओळखीच्या चेहऱ्याने समोर येतात आणि वेगळाच अर्थ सांगून जातात.

म्हणून आधीच ठरवून टाका की संपूर्ण बोलणं गुजरातीत करायचं नाही. नमस्कार, वेळ मागणं, मुख्य विनंती आणि निरोप एवढं त्यांच्या भाषेत करा. आठ वाक्यं पुरतात. पगार, घर, जेवणखाण, तारखा यांची चर्चा तुमची जीभ घसरणार नाही अशा भाषेत, म्हणजे मराठीत किंवा हिंदीत करा. ठाणे-नवी मुंबईत वर्षानुवर्षं राहिलेल्या बहुतेक गुजराती गृहस्थांना मराठी चांगलं कळतं. त्यांना तुमच्या व्याकरणाची परीक्षा घ्यायची नसते. आपल्याकडे येताना पोरगा तयारी करून आलाय की नाही, ते त्यांना त्या आठ वाक्यांतून कळतं.

जाण्याआधी विचारून घ्यायच्या गोष्टी

पहिला प्रश्न जोडीदाराला: वडील त्यांच्या आईशी कोणत्या भाषेत बोलतात? वाशीच्या दाणा बाजारात, मुलुंडला, डोंबिवलीत कच्छी घरं पुष्कळ आहेत, आणि कच्छी ही गुजरातीची बोली नव्हे. ती सिंधीला जवळची, स्वतंत्र वळणाची भाषा आहे. कच्छी वडिलांना गुजराती उत्तम येते आणि तुम्ही गुजरातीत बोललात तर काहीच बिघडत नाही. फक्त ‘तुमची मातृभाषा शिकून आलो’ असं म्हणू नका. तिथे एक नमस्कार कच्छीत शिकून गेलात तर जास्त पोचेल, आणि तो जोडीदाराकडूनच शिकलेला बरा.

दुसरा प्रश्न, घरात नमस्कार काय म्हणतात. वैष्णव घरात ‘जय श्रीकृष्ण’, जैन घरात ‘जय जिनेन्द्र’, स्वामिनारायण संप्रदायाच्या घरात ‘जय स्वामिनारायण’. यावरून तुम्हाला घराचं वळणही कळतं. जैन घर असेल तर कांदा, लसूण, बटाटा यांसह सगळी कंदमुळं आलीच, पण वेळेचंही पाहावं लागतं. चोविहार पाळणारी माणसं सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत. तुम्ही संध्याकाळी सातला बेल वाजवलीत तर त्यांचं जेवण उरकलेलं असतं आणि तुमच्यासमोर एकट्याने खायला काही ठेवायचं म्हणजे सगळ्यांचीच अडचण. पर्युषणाचे आठ दिवसही टाळा.

तिसरी गोष्ट मुहूर्ताची. पितृपक्ष आपल्यालाही ठाऊक असतो, पण ‘कमुरतां’ बऱ्याच मराठी घरांत माहीत नसतं. सूर्य धनु राशीत असतानाचा हा महिना, साधारण 16 डिसेंबर ते 14 जानेवारी. या काळात पुष्कळ गुजराती घरांत लग्नाचं बोलणं काढत नाहीत. तसंच होळीआधीचे आठ दिवस, म्हणजे होळाष्टक. तुमचा विश्वास असो वा नसो, तिथे डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी गेलात तर वडिलांना ‘नंतर बघू’ म्हणायला आयतं निमित्त मिळतं. व्यापारी माणूस असेल तर मार्चअखेर आणि दिवाळीआधीचे दिवसही सोडा.

चौथी गोष्ट सगळ्यांत मोलाची: वडिलांना हे तुमच्या तोंडून पहिल्यांदा कळता कामा नये. आधी मुलीने आईशी बोलावं, आईने वडिलांच्या कानावर घालावं आणि मग निरोप यावा की रविवारी येऊ दे. अचानक ऐकलेल्या माणसाकडे ‘नाही’ म्हणण्यापलीकडे तयार उत्तर नसतं, आणि एकदा सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हटलं की ते मागे घेणं त्याला अवघड जातं.

दिवस म्हणून रविवारी सकाळी अकरा बरं. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरने जाणार असाल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशीच बघा. पहिल्याच भेटीत ‘ट्रेन लेट होती’ हे वाक्य नको. हातात अर्धा किलो सुका मेवा किंवा फळं न्या. केक नको, कारण अंड्याची शंका येते. आणि बेकरीतलं काहीही नेण्याआधी जोडीदाराला विचारा.

फसवे शब्द

सगळ्यांत मोठा सापळा आपण ज्या क्रियापदावर उभे राहणार त्यातच आहे. मराठीत आपण ‘विचारतो’. गुजरातीत ‘विचारवुं’ म्हणजे विचार करणं. ‘मारे तमने विचारवुं छे’ असं म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाक्य लागतच नाही. प्रश्न करण्यासाठी शब्द आहे ‘पूछवुं’: ‘मारे तमने एक वात पूछवी छे.’ उलट बाजूनेही हाच शब्द नडतो. ते म्हणाले ‘विचारीने कहीशुं’, तर तुमच्या कानाला ‘विचारून सांगू’ ऐकू येतं आणि तुम्ही मनात हिशोब मांडता की आता कोणाला विचारणार, मोठ्या काकांना का? ते फक्त म्हणतायत, विचार करून सांगू.

दुसरा शब्द ‘जमवुं’, म्हणजे जेवणं. बोलणं रंगात असताना आतून काकू येऊन विचारतात, ‘जमशो ने?’ मराठी कान ऐकतो, ‘जमेल ना?’ आणि मुलगा भारावून म्हणतो, ‘हा हा, चोक्कस!’ मग पानं मांडली जातात. आपल्या ‘जमेल का?’साठी गुजराती शब्द आहे ‘फावशे?’. तो आवर्जून शिकून घ्या. वेळ मागताना त्याच्याइतका मऊ शब्द नाही.

‘वडील’ म्हणजे तिथे वडीलधारी मंडळी. ‘वडीलोने पूछवुं पडे’ असं ते म्हणाले तर ते स्वतःच्या वडिलांबद्दल बोलत नसून घरातल्या थोरांबद्दल, बहुधा थोरल्या भावाबद्दल बोलत असतात. ‘रजा’ म्हणजे परवानगी, आणि निरोपही. सुट्टीच्या अर्थाने तो चालतो, पण आपल्या विनंतीत तो परवानगी म्हणून येणार आहे. ‘नवरा’ म्हणजे मोकळा, रिकामा. कोणी ‘हमणां नवरा छो?’ म्हटलं तर लाजायचं कारण नाही, तुम्हाला वेळ आहे का एवढंच विचारलंय. आणि ‘मीठुं’ म्हणजे गोडही आणि मीठही. ‘मों मीठुं करो’ ऐकलंत तर दचकू नका, ती चांगली बातमी आहे.

‘भले’ हा छोटासा शब्द फार कामाचा. आपल्याकडे त्याला ‘जरी’ची छटा आहे. तिथे तो ‘बरं, ठीक आहे’ म्हणून येतो. तुम्हीही तो वापरा. मोठ्यांचं म्हणणं ऐकून घेतल्याची ती शांत पावती आहे.

आदराचं व्याकरण, मोजकंच

वडिलांना ‘तमे’ म्हणा. ‘आप’ही चालतं, पण ते भाषणाच्या थाटाचं वाटतं, आणि ‘आप’ने सुरू करून मध्येच ‘तमे’वर घसरणं जास्त खटकतं. हाक ‘काका’ किंवा ‘अंकल’, आईंना ‘मासी’ किंवा ‘आंटी’, जे मुलीच्या मैत्रिणी म्हणतात ते. नावापुढे ‘भाई’ लावून हाक मारू नका, बाजारात बरोबरीची माणसं तशी बोलतात. आणि मुलीच्या नावाला चुकूनही ‘बेन’ लावू नका. आदर दाखवण्याच्या भरात ‘कोमलबेन’ निघून गेलं की तुम्ही तिला बहीण केलंत. हे ऐकायला विनोदी आहे, पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघू शकतं. (यापुढे वाक्यांत ‘कोमल’ आहे तिथे जोडीदाराचं नाव घाला.)

विनंतीच्या क्रियापदाला ‘जो’ लावला की ती सौम्य होते: ‘आपो’ म्हणजे द्या, ‘आपजो’ म्हणजे द्यावं. ‘माफ करजो’, ‘कहेजो’, ‘मळजो’ तसेच. आईंबद्दल बोलताना क्रियापद आदरार्थी आणि नाकात जातं: ‘आंटी क्यां गयां?’ तिथे ‘आंटी क्यां गई?’ म्हणजे ‘कुठे गेली’ असं एकेरी झालं. मराठी माणसाची नेहमीची आणखी एक चूक ‘मी’ची आहे. झालेल्या कामाला, कर्म असलेल्या क्रियापदाबरोबर, गुजरातीत ‘हुं’ नव्हे ‘में’ लागतो: ‘में पूछ्युं’. ‘हुं पूछ्युं’ हे लगेच परकं वाटतं.

आता ज्यावर खरा भर द्यायचा ती गोष्ट. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत जो फरक आहे, तोच गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ यांत आहे. ‘अमे नक्की कर्युं छे’ म्हणजे आम्ही दोघांनी ठरवलंय, तुम्ही बाहेर. वाक्य व्याकरणाने अचूक आहे आणि सगळ्या बोलण्याची वाट लावायला एवढं एकच पुरतं, कारण ठरलेलंच असेल तर आशीर्वाद कसला मागताय? तुमची इच्छा सांगताना ‘अमे’ वापरा, ठरवण्याची गोष्ट आली की ‘आपणे’वर या: ‘आपणे साथे बेसीने नक्की करीए.’ आपण एकत्र बसून ठरवू. या एका सर्वनामात वडील आत येतात.

उच्चारात एकच सांभाळा. मराठीत च आणि ज दोन प्रकारचे आहेत, गुजरातीत एकच. ‘जरूर’, ‘जमाई’ यांतला ज ‘जीवन’मधला, ‘चोक्कस’मधला च ‘चिंच’मधला पहिला. ‘जावई’तला ज तिथे नेऊ नका. आणि नाटकातला गुजराती हेल तर मुळीच काढू नका. साधं, सपाट बोला.

प्रत्यक्ष बोलणं

दारात: ‘जय श्रीकृष्ण काका, केम छो?’ घरात आजी असतील तर आधी त्यांच्या पाया पडा, मग वडिलांच्या, मग आईंच्या. आजीला ‘बा’ म्हणतात.

बसल्यावर लगेच विषय काढू नका. पाणी येईल, चहा येईल. ‘चा लेशो?’ला हो म्हणा. चहाचे दोन घोट झाले की:

‘काका, मारुं गुजराती बहु पाकुं नथी. भूल थाय तो माफ करजो.’

या वाक्याने पुढच्या सगळ्या चुका आधीच पोटात घातल्या जातात. मग वेळ मागा, कारण ते नुसते बसलेत म्हणजे ऐकायला तयार आहेत असं नाही:

‘तमारी साथे थोडी वात करवी छे. अत्यारे फावशे?’

त्यांनी मान हलवली की मुख्य बोलणं. चारच वाक्यं, मध्ये श्वास घेत:

‘हुं अने कोमल चार वरसथी एकबीजाने ओळखीए छीए. अमारी लग्न करवानी इच्छा छे. पण तमारी रजा वगर अमारे आगळ वधवुं नथी. हुं तमारा आशीर्वाद मागवा आव्यो छुं.’

इथे ‘प्रेम’ शब्द नाही, हे मुद्दाम. वडिलांसमोर तो शब्द आला की दोघांनाही कुठे बघावं कळत नाही. ‘ओळखीए छीए’ने जे कळायचं ते कळतं. तिचा उल्लेख पुढे करावा लागला तर ‘तमारी दीकरी’ म्हणा, ‘छोकरी’ नको. विनंती करणारी मुलगी असेल तर ‘आव्यो छुं’च्या जागी ‘आवी छुं’, बाकी वाक्यं तशीच राहतात.

आणि आता गप्प बसा. हे सगळ्यांत कठीण. शांतता असह्य होऊन मुलं पगार सांगायला लागतात, घराचा एरिया सांगायला लागतात. वडिलांना पहिलं वाक्य त्यांच्या वेळेने बोलू द्या.

त्यानंतर येणारे प्रश्न

इथे मराठीवर या: ‘काका, हे नीट सांगता यावं म्हणून मराठीत बोलतो, चालेल ना?’ बहुतेक वेळा पहिला खरा प्रश्न पैशाचा नसतो, ताटाचा असतो. मराठी घर म्हणजे मासे, हे त्यांनी धरलेलं असतं. समजा तुमच्या घरी रविवारी मासे होतात. तर ‘आमच्याकडे फारसं होत नाही’ असं गुळमुळीत बोलू नका. साखरपुड्यानंतर कोणीतरी शुक्रवारी कोळंबीचा वास घेऊन येतंच. खरं ते सांगा आणि व्यवस्था सांगा: आईवडिलांकडे मांसाहार होतो, आम्ही दोघं घोडबंदरला वेगळे राहणार, त्या स्वयंपाकघरात होणार नाही, मी बाहेर खातो. हे तुम्ही दोघांनी आधीच ठरवलेलं असावं आणि खरोखर पाळायचं असावं. शेवटी एक वाक्य गुजरातीत चालतं: ‘खावापीवामां एना पर कोई जबरदस्ती नहीं थाय.’

पैशाचं व्यापारी घरात सरळ विचारतात, त्यात अपमान मानू नका. गोल आकडे टाळा. उदाहरणार्थ हातात 82,000 येतात, घराचा हप्ता 34,000, तो अजून 14 वर्षं आहे, आईवडिलांना 10,000 देतो, उरलेल्या 38,000 मध्ये घरखर्च आणि बचत. आकडे आपले स्वतःचे, पण याच बांधणीचे. धंदा करणाऱ्या माणसाला मोठ्या पगारापेक्षा हिशोब तोंडपाठ असणारा मुलगा जास्त पटतो. कर्ज लपवलंत तर ते नंतर निघेलच.

जैन घरात धर्माचा मुद्दा आला तर एवढं ठाऊक असू द्या की 1955चा हिंदू विवाह कायदा हिंदू आणि जैन दोघांनाही लागू आहे, त्यामुळे विधिवत लग्नात कायद्याची आडकाठी नाही. पण दोघं सज्ञान आहोत, रजिस्टर करू शकतो, हे वाक्य त्या खोलीत उच्चारू नका. ते खरं आहे हे त्यांनाही माहीत असतं. बोलून दाखवलं की ती धमकी होते.

उत्तर ओळखणं

गुजराती ‘नाही’ क्वचितच ‘ना’ म्हणून येतो. ‘विचारीने कहीशुं’ हे खरोखर उघडं उत्तर आहे, विशेषतः त्यासोबत दिवस सांगितला तर. ‘पछी जोईशुं’ हे आपल्या ‘बघू’सारखं, थंड. ‘अमारामां आवुं नथी थतुं’, म्हणजे आमच्यात असं होत नाही, हा विरोध आहे, पण तो समाज काय म्हणेल याचा आहे, तुमचा नव्हे. त्याला वेळ आणि घरातली थोर माणसं लागतात. आणि ‘तमारां मम्मी-पप्पाने मळवुं पडे’ ऐकलंत तर मनातल्या मनात श्वास सोडा, दार उघडलंय. कोणी ‘गोळधाणा’ हा शब्द काढला तर होकारच, कारण गूळ आणि धणे वाटून नातं पक्कं करण्याचा तो विधी आहे.

‘विचारीने कहीशुं’ला उत्तर: ‘भले काका. तमारे जेटलो समय जोईए तेटलो लेजो.’

सरळ नकार आला तर कारण विचारत बसू नका. तिथल्या तिथे दिलेलं कारण माणूस नंतर सोडत नाही. एवढंच म्हणा: ‘तमारी वात समजाय छे. एक ज विनंती छे, एक वार मारां मम्मी-पप्पाने मळजो.’ आवाज खाली, आणि पुन्हा तेच वाक्य दोनदा नको. मग मुलीच्या आईकडून काय कळतं त्याची वाट बघा. महिनाभर तरी तुम्ही स्वतः फोन करू नका.

पंचवीस-तीस मिनिटं झाली की उठा. जेवायला आग्रह झाला तर पहिल्या भेटीत: ‘आजे फक्त चा. फरी आवीश त्यारे चोक्कस जमीश.’ पण आजीने स्वतः ‘जमीने जजे’ म्हटलं तर बसा, आजीला नाही म्हणायचं नसतं. आजी एकेरीतच बोलेल, ते आपलेपणाचं.

निघताना आपण जसं ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, तसंच तिथे आहे: ‘रजा लउं काका, आवजो. जय श्रीकृष्ण.’ संध्याकाळी वडिलांना एकच ओळ पाठवा: ‘आजे समय आप्यो ते बदल आभार.’ खाली इमोजी नको, आणि निळ्या खुणा आल्या का हे रात्रभर बघू नका.

सराव

आठ वाक्यं जोडीदाराच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि चार-पाच दिवस रोज दोनदा मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य ऐन वेळी मराठी वळणावर जातं. शेवटच्या दिवशी तिला वडिलांच्या जागी बसवा आणि मुद्दाम मध्येच ‘जमशो ने?’ विचारायला सांगा. ‘हा’ तोंडातून निघाला तर अजून एक दिवस सराव करा.